चार महिन्यांच्या बाळासाठी कापडी पुस्तक घ्यावं की चुरचुरणारं कापड?

दुकानात दोन्ही वस्तू एकाच खणात असतात, पण चार महिन्यांच्या बाळासाठी त्यांची कामं वेगळी आहेत. चुरचुरणारं कापड बाळाच्या हातासाठी असतं. पुस्तक या वयात तरी मोठ्यांनी धरून दाखवायचं असतं. एकच घ्यायचं असेल तर आधी कापड घ्या.

याचं कारण बाळाच्या मुठीत आहे. चौथ्या महिन्यात दोन्ही हात छातीपाशी एकत्र येऊ लागतात आणि बाळ स्वतःची बोटं टक लावून बघतं. हाताला लागलेली वस्तू ते पूर्ण पंजाने आवळतं, अंगठा आणि बोटाची चिमूट अजून जमत नाही. धरलेलं मुद्दाम सोडणंही जमत नाही, मूठ सैलावली की वस्तू आपोआप गळते. दोन पदरी पातळ कापडाचा कोपरा या मुठीत सहज मावतो आणि मूठ आवळताच आवाज येतो. थोड्या वेळाने बाळ हालचाल थांबवतं, जणू कानोसा घेतं, आणि पुन्हा हात हलवतं. आवाज आपल्या हातातून येतोय, हे त्याला उमगू लागल्याची ही खूण.

आता पुस्तकाचं बघा. समजा, १५ सेंटिमीटरचं चौकोनी पुस्तक आहे, चार पानं आणि प्रत्येक पानात स्पंज. मिटलेलं असताना त्याची जाडी तीन-चार सेंटिमीटर होते आणि बाळाची बोटं तिला वेढा घालू शकत नाहीत. ते पुस्तकावर नुसते हात आपटतं, आणि उताणं असताना धरायला गेलंच तर पुस्तक तोंडावर पडतं. हेच पुस्तक तुम्ही डोळ्यांपासून २५-३० सेंटिमीटरवर धरलंत तर मात्र बाळ रमतं. पान एकच उघडा, चित्र मोठं आणि ठळक असू द्या, काळ्या-पांढऱ्यासोबत लाल असेल तर उत्तम. पान उलटण्याची घाई नको, बाळाची नजर चित्रावर ठरायला वेळ लागतो. पालथं घालताना पुस्तक समोर उभं करून ठेवलं तर मान वर धरायला निमित्त मिळतं. त्यासाठी घडीघडीने उलगडणारं पुस्तक घ्या, मधोमध शिवलेलं उभं राहत नाही.

चुरचुर कशामुळे होते, तर दोन कापडांमध्ये शिवलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्यामुळे. घेण्याआधी कोपरा दोन बोटांत हलकेच चुरगळून बघा. जोर लावल्यावरच आवाज येत असेल तर बाळाच्या मुठीत ते कापड मुकंच राहणार. जाड टर्किशच्या कापडात हे हमखास होतं. लाळेने चिंब झालं की चांगल्या कापडाचाही आवाज दबतो, म्हणून दोन असलेली बरी. आवाज ऐकवायचा म्हणून कानाजवळ नेऊन चुरगाळू नका. बाळाच्या मुठीच्या पाठीवर कापड अलगद फिरवा, बोटं उघडतील, मग कोपरा तळव्यात द्या. बाळ मान वळवून दुसरीकडे बघू लागलं की तेवढ्यावर थांबा.

पावसाळ्यात आणखी एक फरक कळतो. पातळ कापड पंख्याखाली लवकर वाळतं. स्पंजाचं पुस्तक मुंबई-कोकणात दोन-दोन दिवस आत ओलं राहतं आणि कुबट वास धरतं, आणि तेच बाळाच्या तोंडात जातं. पुस्तक हवंच असेल तर स्पंज नसलेलं घ्या. जुन्या मलमलीची पानं घरी शिवली तरी छान, पण बटणं, टिकल्या, मणी लावू नका. घरच्या कापडात वेफर्सच्या पाकिटाचा तुकडाही घालू नका. त्याच्या कडा टोचतात आणि एकेरी शिवण उसवली की तुकडा थेट तोंडात जातो.

विकतच्या वस्तूवर आयएसआयची खूण बघा, भारतात खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. तरी शिवण स्वतः ओढून बघाच. लोंबणारी लांब नाडी नको. झोपताना पाळण्यात यातलं काहीच ठेवू नका.

धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरा. पिळू नका, कोपऱ्याला चिमटा लावून टांगा म्हणजे आतलं पाणी निथळतं. इस्त्री केली तर आतला पापुद्रा आकसून गोळा होतो आणि आवाज कायमचा जातो. दर धुण्यानंतर कडा उजेडात धरा. शिवणीतून पापुद्र्याचं टोक डोकावत असेल तर पुन्हा शिवत बसू नका, ते कापड टाकून द्या. ओला पापुद्रा घशात चिकटला तर बाळाचा श्वास अडू शकतो.

पुस्तक सहाव्या-सातव्या महिन्यात आणलं तरी चालेल. बाळ आधाराने बसू लागलं की पानाची कड स्वतःच ओढायला बघतं.