तीन शाखा म्हणजे तीन बँका नव्हेत: ठेव बँकेत, पतसंस्थेत की पोस्टात?

गेल्या उन्हाळ्यात काकाजींनी पितळी डब्यातून पावत्या काढून माझ्यापुढे पसरल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मिळालेले आणि नंतर थोडं वावर विकून आलेले, असे सगळे मिळून 24 लाख रुपये. त्यातले 14 लाख तालुक्याच्या नागरी सहकारी बँकेत होते. तालुक्याच्या शाखेत 5 लाख, बाजाराच्या गावच्या शाखेत 5 लाख, जिल्ह्याच्या शाखेत 4 लाख. सहा लाख गावातल्या पतसंस्थेत आणि उरलेले चार राष्ट्रीयीकृत बँकेच्या बचत खात्यात. "पाहून घे, एका जागी ठेवलेच नाहीत," ते म्हणाले. त्यांचा हिशोब सरळ होता: पाच लाखांपर्यंत विमा आहे, म्हणून प्रत्येक शाखेत पाच लाखांच्या आत.

चूक इथेच होती, आणि ती आपल्याकडे घरोघरी होते. ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, ही रिझर्व्ह बँकेची उपकंपनी. 4 फेब्रुवारी 2020 पासून विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाख आहे. त्याआधी 1993 पासून ती एकच लाख होती. एका बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या तुमच्या नावच्या मुदत ठेवी, बचत, आवर्ती, चालू अशी सगळी खाती एकत्र मोजली जातात. मुद्दल आणि तोवरचं व्याज मिळून 5 लाख. म्हणजे ती बँक बंद पडली असती तर काकाजींच्या तीन पावत्यांवर मिळून 5 लाखच आले असते. बाकीचे नऊ लाख आणि वरचं व्याज बँक मोडीत काढणाऱ्या अवसायकाच्या वसुलीवर टांगलं गेलं असतं. ती वसुली किती वर्षं चालेल आणि त्यातून काय हाती येईल, हे कोणी लिहून देत नाही.

आपल्या भागात ही गोष्ट ऐकीव नाही. यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2022 मध्ये रद्द केला, बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर अर्बन बँकेचा जुलै 2023 मध्ये. दोन्हींवर त्याआधी, 2021 च्या नोव्हेंबरात, निर्बंध आले होते. ज्यांची रक्कम मर्यादेच्या आत होती त्यांच्यासाठी विमा होता. ज्यांची वर होती त्यांचा जीव वरच्या रकमेत अडकला.

आता पतसंस्थेची बाजू. या विम्यात सरकारी, खासगी, ग्रामीण, स्मॉल फायनान्स, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी अशा बँका येतात. पतसंस्था, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी आणि गावची सेवा सहकारी सोसायटी येत नाहीत. तिथल्या ठेवीवर डीआयसीजीसीचा एक रुपयाचाही विमा नाही. काऊंटर तसाच, पासबुक तसंच, एजंट रोज दारात येतो, म्हणून माणसाला फरक कळत नाही. काकाजींची पावती मी उन्हात धरून वाचली. वर मोठ्या अक्षरात संस्थेचं नाव आणि खाली बारीक अक्षरात "सहकारी पतसंस्था मर्यादित, र. नं.". बँक असती तर नावात "बँक" असतं. नावात बँक असूनही शंका वाटली तर dicgc.org.in वर विमाधारक बँकांची यादी आहे, तिथे नाव शोधायचं. काही सहकारी संस्था नावात बेकायदा "बँक" लावतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये दिला होता. म्हणून पाटी पाहून थांबू नये, यादी पाहावी.

पतसंस्थेचा एक धोका फारसा कोणी बोलून दाखवत नाही. पतसंस्था आपली शिल्लक कुठेतरी ठेवतेच, बहुतेकदा जिल्हा बँकेत किंवा नागरी बँकेत. ती बँक कोसळली की पतसंस्था तिथली एकच ठेवीदार ठरते आणि तिलाही 5 लाखच मिळतात, मग तिची ठेव दोन कोटींची का असेना. म्हणजे गावातला कर्जदार नीट हप्ते भरत असला तरी तुमची पतसंस्था दुसऱ्याच्या पापाने अडचणीत येऊ शकते. पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात "बँकांतील गुंतवणूक" असा तक्ता असतो. सभासद म्हणून तो मागा आणि रक्कम कोणत्या बँकेत किती आहे ते पाहा. सगळी एकाच बँकेत असेल तर ती संस्था तुमच्यासारखीच चूक करते आहे.

मग पतसंस्था बंदच करायची? काकाजींना ते पटत नव्हतं, आणि मलाही पूर्ण पटत नाही. तिथे व्याज साधारण दीड टक्का जास्त होतं. सहा लाखांवर वर्षाचे नऊ हजार. त्या नऊ हजारांसाठी सहा लाख विम्याशिवाय ठेवायचे का, हा खरा प्रश्न. माझं उत्तर असं की जेवढे अडकले तरी वर्ष-दोन वर्षं घर चालेल तेवढेच तिथे ठेवावेत. काकाजींच्या घराला ती रक्कम एक लाखाच्या आसपास निघाली. सोयाबीन विकून चुकारे यायला वेळ लागतो तेव्हा पतसंस्थेचं छोटं कर्ज अर्ध्या दिवसात मिळतं, ही सोय खरी आहे आणि एक लाखाने ती राहते.

बाकीच्यांत जिल्हा बँक आणि नागरी बँक विम्याच्या नजरेत सारख्या: 5 लाखांपर्यंत तेवढाच आधार, त्यावर काही नाही. राष्ट्रीयीकृत बँकेलाही कागदावर हीच मर्यादा आहे, पण सरकारी मालकीच्या बँकेत मी 5 लाखांच्या रेषेवरून झोप घालवत नाही. पोस्टाची गोष्ट वेगळी. तिथे विमा नाही, कारण देणं थेट केंद्र सरकारचं आहे. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. पैसे पाच वर्षांसाठी गुंततात, आधी काढले तर दंड कापला जातो, एवढंच त्याचं ओझं.

एक सापळा नव्याने तयार झालाय. 1 मे 2025 ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. पुसद-उमरखेडकडचा एखादा माणूस नांदेडला मुलाकडे जाता-येता दोन्हीकडे ठेव ठेवत असेल, तर त्याच्या लेखी त्या दोन बँका असतील, पण आता त्या एकच आहेत. दोन पावत्यांवरची नावं जुनी असली तरी बेरीज एकत्र करून पाहावी.

विमा कसा हाती येतो, तेही जाणून घ्यावं, कारण "विमा आहे" आणि "पैसे आहेत" यात तीन महिन्यांचं अंतर आहे. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले की खातेदाराला थोडीच रक्कम काढता येते, कधी काहीच नाही. कायद्यात 2021 ला दुरुस्ती झाली. तिच्यामुळे 45 दिवसांत बँक दाव्यांची यादी देते आणि एकूण 90 दिवसांच्या आत 5 लाखांपर्यंतची रक्कम मिळते. बँक दुसऱ्या बँकेत विलीन करायचा विचार असेल तर ही मुदत आणखी 90 दिवस वाढू शकते. पैसे आपोआप येत नाहीत. शाखेत विम्याची रक्कम हवी असल्याचं संमतीपत्र, ओळखीचे कागद आणि दुसऱ्या बँकेतलं खातं द्यावं लागतं. आमच्या घरी एकदा असा प्रसंग आला होता. बँकेच्या शटरवर कागद चिकटवलेला, ओळीत माणसं उभी आणि बहिणीच्या मुलीची कॉलेजची फी पंधरा दिवसांवर. विम्याच्या मर्यादेत होतो, तरी फी उसनवार भरली. म्हणून मी म्हणतो, विमा आहे तरीही घरातला सगळा पैसा एका बँकेत नको.

हे लक्षात ठेवलं तर नावांच्या क्रमाचा एक नियमही समजतो. एकाच बँकेत "नवरा आणि बायको" या क्रमाचं संयुक्त खातं आणि "बायको आणि नवरा" या क्रमाचं खातं विम्यासाठी वेगळे हक्क मानले जातात, आणि दोघांची वैयक्तिक खाती आणखी वेगळी. त्यामुळे कागदावर एका बँकेत एका जोडप्याला 20 लाखांपर्यंत विमा मिळवता येतो. काहीजण हे चलाखीने सुचवतात. विमा मिळतो, खरं आहे. पण निर्बंध आले तर चारही खाती एकाच दिवशी गोठतात. क्रम बदलणं हा पुरवणी उपाय आहे, बँका वाटून घेणं हा पहिला.

काकाजींसाठी आम्ही केलेली वाटणी अशी. दहा लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत. नागरी बँकेत 4 लाख 30 हजार. जिल्हा बँकेत काकूंचं नाव पहिलं ठेवून तेवढेच. राष्ट्रीयीकृत बँकेत 4 लाख 40 हजार, त्यातले काही बचत खात्यात. पतसंस्थेत एक लाख. काकूंच्या नावच्या ठेवीवरचं व्याज पैसा काकाजींचा असल्याने आयकरात त्यांच्याच उत्पन्नात धरलं जातं, हे आधीच सांगून ठेवलं.

4 लाख 30 हजार हा आकडा का, हे काकाजींनी विचारलं. सात टक्क्यांनी दोन वर्षं तिमाही चक्रवाढ लावली तर ते सुमारे 4 लाख 94 हजार होतात. पाच लाखांच्या पावतीला मात्र पहिल्या तिमाहीतच व्याज मर्यादेबाहेर पडायला लागतं. पाच वर्षांची ठेव असेल तर त्याच दराने साडेतीन लाखच टाकावेत. व्याज दर तिमाहीला त्याच बँकेच्या बचत खात्यात येत असेल तर तेही बेरजेत मोजायचं. दुसऱ्या बँकेत वळवलं तर मुद्दल तेवढंच राहतं. त्या बँकेत तुमचं कर्ज असेल तर थकीत देणं ठेवीतून वळतं करून मगच विम्याचा हिशोब होतो, हेही विसरू नये.

सगळं एकदम मोडायची घाई आम्ही केली नाही. मुदतीआधी ठेव मोडली की साधारण एक टक्का व्याज जातं. पाच लाखांवर वर्षाला पाच हजार. नागरी बँकेच्या तीन पावत्यांपैकी बाजाराच्या गावची पावती दोन महिन्यांत संपत होती, ती संपल्यावर काढली. तालुक्याच्या शाखेची सात महिन्यांनी संपणार होती, तिच्यासाठी "मुदतीनंतर नूतनीकरण करू नये" असा लेखी अर्ज देऊन पोच घेतली, कारण आपोआप नूतनीकरण झालं की व्याज मुद्दलात मिसळतं आणि मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. जिल्ह्याच्या शाखेची चार लाखांची तेवढी दंड भरून मोडली. दोन हजारांच्या आसपास गेले. काकाजींना वाईट वाटलं, पण मी आग्रह धरला. शेवटी त्या बँकेत एकच पावती राहणार होती.

पतसंस्थेत अनुभव वेगळा आला. पहिल्या दिवशी "साहेब नाहीत, सोमवारी या". सोमवारी दोन लाख दिले, उरलेल्या तीन लाखांसाठी दोन वेळा यायला लावलं आणि "काढू नका गुरुजी, अर्धा टक्का वाढवून देतो" असंही म्हणाले. ज्याच्याकडे पैसे असतात तो मुदत संपलेली ठेव परत देताना व्याज वाढवून देत नाही. तीन आठवडे आम्ही दर दोन दिवसांनी गेलो आणि मिळेल तेवढं घेत राहिलो. उरलेल्या एक लाखाबाबत काकाजींनी ठरवलंय: पुढच्या मुदतीला तेही काढायचं आणि सभासदांना मिळणारा अहवाल वाचल्याशिवाय परत टाकायचं नाही.

आता पितळी डब्यात कमी पावत्या आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला काकूंनी एक कागद चिकटवलाय: बँकेचं नाव, पहिलं नाव कोणाचं, मुद्दल, मुदत संपल्यावर किती होतील. जिल्हा बँकेची ओळ पोळ्यानंतर येते आणि त्या ओळीसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने "4,94,000, पाचच्या आत" असं लिहिलंय.