प्रेसच्या बटनावर टेप दिसली: साहेबांना तोंडी सांगायचं की लिहून?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत नवीन लागलेली आपली मुलं हे बरेचदा विचारतात, की मशीनवर धोक्याचं काही दिसलं तर साहेबांना जाऊन सांगू की मेसेज टाकू, आणि सांगायचं तर कसं सांगू की त्यांना राग पण नको यायला आणि विषय हवेत पण नको जायला. मी प्रेस शॉपच्या टूल रूममध्ये बरीच वर्षं काढलीत, तर एकच केस घेतो आणि दोन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवतो.

केस अशी. २ नंबरचा पॉवर प्रेस, दोन बटनांचा. दोन्ही हातांनी दोन्ही बटनं दाबली तरच स्ट्रोक यायचा, म्हणजे स्ट्रोक येतो तेव्हा हात डायच्या बाहेर असतात. आता डाव्या बटनावर टेप गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलंय, ऑपरेटर डाव्या हाताने ब्लँक ठेवतो, उजव्याने बटन मारतो, आणि प्रेस मस्त चालतोय.

इथे थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण काय बोलायचं ते सगळं यावरच आहे. नीट बसवलेल्या टू-हँड सर्किटमध्ये दोन्ही बटनं साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली जावी लागतात, आणि पुढच्या स्ट्रोकआधी दोन्ही सुटावी लागतात. म्हणजे एक बटन टेपने दाबून ठेवलं तर प्रेस चालायलाच नको. चालतोय म्हणजे एकतर दोन्ही बटनांवर हे लक्ष ठेवणारा पॅनेलमधला सेफ्टी रिले बायपास झालाय, किंवा खराब आहे, किंवा मुळातच दोन बटनं साधी सिरीजमध्ये जोडलीत. टेप ज्याने लावली तो फक्त वरवरचा भाग आहे, खरा दोष पॅनेलमध्ये बसलाय. म्हणून "टेप कोणी लावली" हा प्रश्न नुसता भांडण लावणारा नाही, तो चुकीच्या जागी बोट दाखवणारा आहे. "टेप असताना प्रेस चालतो कसा" हे विचारलं की कोणावरच आरोप राहत नाही आणि मेंटेनन्सला नेमकं काम मिळतं.

आता तोंडी सांगणं. याचा मोठा फायदा वेळेचा, हात आत्ता डायमध्ये जातोय तर मेसेज टाइप करत बसायचं नाही, सरळ जायचं. पण प्रेसच्या आवाजात, चार माणसांसमोर, साहेब दुपारचा आकडा जुळवत असताना जे काय बोलाल ते त्यांना टोमणाच वाटणार, म्हणून जमलं तर त्यांना दोन पावलं बाजूला घ्या. नाहीतर घाबरून माणूस म्हणतो, "साहेब, जरा २ नंबर बघून घ्या ना," आणि साहेब म्हणतात "बघतो", आणि झालं, कारण काय बघायचं तेच सांगितलं नाही. किंवा उलट, रागात तोंडातून निघतं, "तुम्हाला फक्त प्रॉडक्शन पाहिजे, कोणाचं बोट गेलं तर?" आणि मग साहेब स्वतःचा बचाव करायला लागतात, टेप तिथेच राहते.

त्याऐवजी असं बोला: "साहेब, २ नंबर प्रेसच्या डाव्या बटनावर टेप आहे आणि एका बटनावर स्ट्रोक येतोय. आत्ताच बघितलं. हात आत असताना स्ट्रोक येऊ शकतो. प्रेस बंद करून रिले चेक करून घेऊया, तोवर मला दुसरं कुठलंही काम द्या, पण त्याच्यावर मी बसणार नाही." यात मशीन कुठलं, काय दिसलं, काय होऊ शकतं आणि काय हवंय, सगळं आलं, आणि "तुम्ही" एकदाही आलं नाही. शेवटचं वाक्य कडक आहे आणि ते तसंच पाहिजे, त्याला "प्लीज बघा, जमलं तर" असं पातळ करू नका. दुसरं काम मागितलंत म्हणून कामचुकारपणाचा आळही कोणी घेऊ शकत नाही. साहेब गुजराती असतील तर आपण बडोद्यात तसंही त्यांच्याशी गुजरातीतच बोलतो, तिथेही "तमे" ने सुरू करू नका, "२ नंबरना प्रेसमां डाबा बटन पर टेप लागेली छे" असं मशीनपासून सुरू करा.

तोंडी बोलण्याची कमजोरी एकच पण मोठी आहे, शिफ्ट बदलली की ते गेलं. रात्रपाळीच्या साहेबांना काही माहीत नाही, आणि उद्या कोणी म्हणालं की आम्हाला सांगितलंच नव्हतं तर हातात काही नाही.

लिहून सांगण्यात हे सगळं टिकतं, तारीख वेळ आपोआप पडते, आणि साहेबांना पण तेच पुढे मेंटेनन्सला किंवा शेठना फॉरवर्ड करता येतं, जे खरं तर त्यांच्या फायद्याचं आहे, कारण बऱ्याच वेळा त्यांनाच प्रेस बंद ठेवायला वरून कारण दाखवावं लागतं. पण मेसेज ग्रुपवर टाकू नका. शब्द कितीही चांगले असले तरी वीस माणसांसमोर टाकलेला मेसेज तक्रारच वाटतो. साहेबांना एकट्यांना टाका, असा काहीतरी:

"साहेब, सकाळी बोललो तेच लिहितोय. २ नंबर प्रेस, डाव्या बटनावर टेप, एका बटनावर स्ट्रोक येतोय, आज सकाळी ११ ला बघितलं. टू-हँड रिले चेक होईपर्यंत प्रेस बंद ठेवावा ही विनंती. ब्लँक लहान असल्यामुळे एका हाताने धरावा लागतो, त्यासाठी मॅग्नेटचा हँड टूल किंवा डायवर लोकेटिंग पिन मिळाली तर बरं होईल. मेंटेनन्स कधी येणार ते ४ पर्यंत कळवाल का?"

हँड टूलचं वाक्य मुद्दाम घातलंय. टेप कोणी हौसेने लावत नाही, ब्लँक सरकतो आणि आकडा पुरत नाही म्हणून लावतात, आणि ते कारण लिहिलं की ऑपरेटर पण गुन्हेगार ठरत नाही. फोटो जोडायचा तर फक्त बटनाचा, माणसाचा चेहरा नको. आणि कंपनीत मोबाइल आत न्यायला मनाई असेल तर फोटोच्या नादात स्वतः अडकू नका, शिफ्ट रजिस्टरमध्ये किंवा नियर मिसच्या स्लिपवर हेच शब्द उतरवा.

मग निवडायचं काय? माझं स्पष्ट मत आहे, हात आत जात असेल तर आधी तोंडी आणि त्याच शिफ्टमध्ये लिहून, दोन्ही. फक्त मेसेज टाकून घरी जाणं मला पटत नाही, तोवर दहा जण त्या प्रेसवर बसून उठतील. जिथे धोका या मिनिटाचा नाही, म्हणजे गार्डचा एक बोल्ट ढिला आहे पण मशीन बंदच आहे, तिथे फक्त लिहून पुरतं. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलांनी कंपनीच्या सुपरवायझरला सांगून झालं की तोच मेसेज कॉन्ट्रॅक्टरलाही पाठवावा, शब्द न बदलता, नाहीतर दोघांकडे दोन गोष्टी पोचतात.

नुसतं "बघतो" आलं तर चिडू नका, "४ ला मी परत येऊन विचारतो" म्हणा आणि खरंच जा. आणि टेप काढली, काम झालं असं कोणी म्हणालं तर रिलेचं विचारा. ते तपासणं मेंटेनन्सचं काम, डायमध्ये काही न ठेवता, सगळे बाजूला उभे राहून: एक बटन दाबून धरायचं, दोन सेकंदांनी दुसरं दाबायचं. स्ट्रोक आला तर दोष तसाच आहे, आणि नवीन मेसेज न करता जुन्यालाच रिप्लाय करून तेवढंच लिहायचं: "टेप निघाली आहे, पण उशिराने दुसरं बटन दाबलं तरी स्ट्रोक येतो, प्रेस अजून बंद ठेवावा."