ओल्या शेंगा उकडाव्यात की वाळलेल्या?

नुकत्याच उपटलेल्या भुईमुगाच्या दाण्यात जवळपास एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त पाणी असते, तर नीट वाळलेल्या दाण्यात ते दहा टक्क्यांच्या आत येते. दोहोंच्या वापरातला फरक बहुतांशी येथूनच सुरू होतो. ओल्या शेंगा माती जाईपर्यंत धुऊन, मिठाच्या पाण्यात साधारण पाऊण तास उकळल्या की दाणा मऊ होतो. मात्र आच बंद करताच त्या उपसू नयेत, कारण मीठ आत मुरते ते मुख्यतः त्याच पाण्यात निवताना. तरंगणाऱ्या शेंगांच्या टरफलात अजून हवा असते, म्हणून वर ताटली दाबून ठेवावी.

वाळलेल्या शेंगा रात्रभर भिजवून काही तास उकळल्या, तरी दाणा चिवटच राहतो आणि ओल्याची गोडी येत नाही, असे माझे मत आहे. उलट भाजणे, कूट आणि तेल यांसाठी वाळलेलाच दाणा हवा, कारण ओला दाणा कुटताना त्याचा चिकट गोळा होतो. ओल्या शेंगा दोन-तीन दिवसांत बुरसतात. बुरशी दिसलेल्या शेंगा उकळूनही सुरक्षित होत नाहीत, त्या टाकूनच द्याव्यात.