बँक स्टेटमेंटच्या पीडीएफमधून घरखर्चाच्या शीटपर्यंत: pdfplumber काही महिने वापरल्यानंतर

आधी एक गोष्ट: बँकेच्या संकेतस्थळावर व्यवहार एक्सेल किंवा सीएसव्हीमध्ये उतरवून घ्यायची सोय असेल, तर तीच वापरा. माझं काम पीडीएफवर आलं, कारण जुन्या महिन्यांची स्टेटमेंट्स आणि बंद केलेल्या एका खात्याचा हिशोब फक्त त्याच रूपात हाती होता. रक्कम, शिल्लक, खातेक्रमांक असं सगळं असलेला कागद कुठल्याशा फुकट कन्व्हर्टरवर चढवायचा नाही, हे ठरलेलंच होतं. त्यामुळे काम आपल्याच संगणकावर करणारं साधन हवं होतं.

सुरुवात टॅब्युलाने केली. ते ब्राउझरमध्ये उघडतं, तरी चालतं आपल्याच मशीनवर. तक्त्याभोवती माउसने चौकट काढायची आणि सीएसव्ही घ्यायची. एखाददुसऱ्या स्टेटमेंटसाठी ते पुरेसं आहे आणि कोड लिहायचा नसेल तर आजही मी तेच सुचवेन. पण दर महिन्याला तेच करायचं झालं की हाताने चौकटी जुळवणं कंटाळवाणं होतं, आणि दोन-तीन ओळींत मोडलेले तपशील शेवटी हातानेच जोडावे लागतात. म्हणून मी pdfplumber या पायथॉनच्या लायब्ररीकडे वळले आणि तिथेच राहिले.

ही लायब्ररी का आवडली ते कळायला पीडीएफ आतून कशी असते हे माहीत हवं. आपल्याला पानावर तक्ता दिसतो, पण बहुतेक वेळा फाइलमध्ये तक्ता नसतोच. हे अक्षर या ठिकाणी, ते अक्षर त्या ठिकाणी, एवढीच नोंद असते. रकाने आपला डोळा तयार करतो. त्यामुळे आपोआप तक्ता ओळखणारी साधनं रकान्यांच्या सीमांचा अंदाज बांधतात, आणि उभ्या रेघा छापलेल्या नसतील तर तो अंदाज बऱ्याचदा चुकतो. तपशिलातल्या दोन शब्दांमध्ये जरा मोठी जागा आली की तिथे नवा रकाना उघडतो. pdfplumber मध्येही आपोआप तक्ता काढायची सोय आहे, पण मी ती वापरत नाही. मी प्रत्येक शब्दाची जागा मागून घेते:

```python
import pdfplumber

with pdfplumber.open("statement.pdf", password="...") as pdf:
    for w in pdf.pages[0].extract_words():
        print(round(w["x0"]), round(w["x1"]), round(w["top"]), w["text"])
```

`x0` म्हणजे शब्दाची डावी कड, `x1` उजवी आणि `top` म्हणजे पानाच्या वरच्या कडेपासूनचं अंतर. मोजमाप पॉइंटमध्ये असतं, एका इंचात ७२. ए-४ पानाची रुंदी साधारण ५९५ पॉइंट भरते. ही यादी पाच मिनिटं शांतपणे वाचली की स्टेटमेंटची रचना उलगडते. माझ्या एका खात्यात तारखा ४० पाशी सुरू होतात, तपशील ९५ पाशी, आणि नावे, जमा, शिल्लक हे तीन रकाने अनुक्रमे ४०५, ४८५ आणि ५६५ पाशी संपतात. संपतात हा शब्द मुद्दाम वापरलाय. आकडे उजवीकडे टेकवून छापतात, त्यामुळे ५० आणि ५०,००० यांची डावी कड कधीच जुळत नाही, उजवी मात्र तंतोतंत जुळते. म्हणून तारीख आणि तपशील `x0` वरून ओळखायचे आणि रकमा `x1` वरून. एवढा एक फरक केला की नावेची रक्कम जमेत जाण्याचा प्रकार जवळजवळ थांबतो.

खरा वेळ खातात त्या ओळी. नियम सोपा वाटतो: ज्या ओळीत तारीख आहे तिथे नवा व्यवहार सुरू, ज्या ओळीत नाही ती आधीच्या तपशिलाला जोडायची. बऱ्याच स्टेटमेंट्सना तो चालतोही. पण काही बँका तीन ओळींचा तपशील छापताना तारीख आणि रक्कम मधल्या ओळीच्या बरोबरीने ठेवतात. मग तपशिलाची पहिली ओळ तारखेच्या वर येते आणि वरच्या व्यवहाराला जाऊन चिकटते. रकमा सगळ्या बरोबर, फक्त वर्णनं एक घर सरकलेली, त्यामुळे हे पटकन ध्यानातही येत नाही. ओळखायची खूण अशी की पानावरच्या पहिल्या व्यवहाराचं वर्णन अर्धवट असतं, आणि त्याची पहिली ओळ शीर्षकाखाली बेवारस पडलेली असते. उपाय `top` मध्येच मिळतो. एकाच व्यवहाराच्या ओळींमधलं अंतर लहान असतं, दोन व्यवहारांमधलं थोडं मोठं. माझ्याकडे ते १० आणि १६ पॉइंट निघालं. त्यामुळे १३ पेक्षा मोठी फट दिसली की तिथे व्यवहार तोडायचा, तारीख कुठल्याही ओळीत असो. व्यवहारांमध्ये आडव्या रेघा छापल्या असतील तर आणखी सोपं, `page.lines` किंवा `page.rects` मधून त्यांची जागा थेट मिळते.

आता ज्या एका गोष्टीमुळे मला या पद्धतीवर भरवसा बसला ती सांगते. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक व्यवहारानंतरची शिल्लक छापलेली असते. घरखर्चाच्या शीटला ती नको असते म्हणून बरेच जण तो रकाना टाकून देतात. तो टाकू नका. आपण काढलेल्या रकमा बरोबर आहेत का, हे ओळीगणिक सांगणारा तो एकमेव साक्षीदार आहे. मागची शिल्लक, अधिक जमा, उणे नावे, बरोबर ही शिल्लक. प्रत्येक ओळीला हे जुळलंच पाहिजे:

```python
shillak = aarambhi
for r in rows:
    shillak += r["jama"] - r["nave"]
    if shillak != r["shillak"]:
        print(r["tarikh"], r["shillak"] - shillak)
        shillak = r["shillak"]
```

रकमा `Decimal` मध्ये घ्या, `float` मध्ये नको, नाहीतर दशांशाच्या पुढच्या कुठल्यातरी घरातल्या फरकावरून खोट्या तक्रारी येतात. शेवटची ओळ गणना पुन्हा छापील शिल्लकेवर आणते, म्हणजे एका चुकीमुळे खालचा सगळा महिना लाल होत नाही.

गंमत अशी की फरकाचा आकडाच चूक कुठली ते सांगतो. समजा आरंभीची शिल्लक १८,२४०.५० आहे. मग १,२५०.०० नावे पडून १६,९९०.५० उरले, ३४०.७५ नावे पडून १६,६४९.७५, आणि ५,०००.०० जमा होऊन २१,६४९.७५. आता ३४०.७५ चा व्यवहार पानाच्या अगदी तळाशी होता आणि तळटीप गाळताना तोही गळला असं धरा. पुढच्या ओळीला आपली गणना १६,९९०.५० मध्ये ५,००० मिळवून २१,९९०.५० म्हणते, छापलंय २१,६४९.७५. फरक उणे ३४०.७५, म्हणजे नेमकी गळलेली रक्कम. तोच पहिला १,२५० चा व्यवहार नावेऐवजी जमेत गेला असता, तर गणना १९,४९०.५० झाली असती आणि फरक उणे २,५००, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. तेव्हा फरक त्याच ओळीतल्या रकमेच्या दुप्पट असेल तर रकाना चुकला, आणि ओळीतल्या रकमेशी त्याचा काही संबंध नसेल तर बहुधा वरची एखादी ओळ सुटली. फरकाचा आकडा पीडीएफमध्ये शोधला की सुटलेली ओळ लगेच सापडते. प्रत्येक ओळीला फरक येत असेल तर आधी क्रम बघा. काही स्टेटमेंट्स ताजा व्यवहार वर ठेवतात, यादी उलटी केली की सगळं जुळतं.

या तपासणीला एक भोक आहे. फसलेलं पेमेंट आणि त्याचा परतावा लागोपाठच्या ओळींत असले आणि दोन्ही ओळी एकत्र गळल्या, तर शिल्लक जुळूनच येते. म्हणून स्टेटमेंटच्या शेवटी नावे आणि जमा यांची बेरीज किंवा व्यवहारांची संख्या दिली असेल तर तीही ताडून पाहावी. शिवाय तारीख आणि तपशील बरोबर आहेत का, हे शिल्लक सांगू शकत नाही. तिथे नजर फिरवावीच लागते.

स्कॅन केलेल्या पीडीएफवर हे साधन चालत नाही. `page.chars` रिकामं आलं तर समजायचं की आत अक्षरं नाहीत, फक्त चित्र आहे. मग ओसीआर लागतं, आणि तिथे ३ चा ८ होणं नेहमीचंच, तेव्हा वरची तपासणी आणखीच गरजेची. मजकुरात `(cid:87)` असं काहीबाही दिसलं तर फाइलमध्ये त्या फॉन्टच्या अक्षरांची ओळख दिलेली नाही. अशा फाइलवरही ओसीआरच करावं लागतं.

सीएसव्ही तयार करताना मी रकाने कमी ठेवते: तारीख, तपशील, रक्कम, शिल्लक आणि मूळ फाइलचं नाव. नावे आणि जमा वेगळे न ठेवता एकाच रकान्यात खर्च उणे चिन्हाने लिहिते, त्यामुळे शीटमधल्या बेरजा सरळ होतात. तारीख `2025-03-07` अशी वर्ष-महिना-दिवस लिहावी. 07/03 असं ठेवलं तर शीटच्या सेटिंगप्रमाणे ते सात मार्च होईल किंवा तीन जुलै, आणि १२ च्या पुढचे दिवस तेवढे मजकूर म्हणून पडून राहतील. आकड्यांमधले स्वल्पविराम काढून टाकायचे. तपशील देवनागरीत असेल आणि फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल, तर लिहिताना `encoding="utf-8-sig"` द्यायचं, म्हणजे अक्षरं बिघडत नाहीत. लांब संदर्भ क्रमांकाचा वेगळा रकाना ठेवलाच, तर तो आयात करताना मजकूर म्हणून निवडायचा, कारण एक्सेल १५ अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं आणि ते परत मिळत नाहीत.

शिल्लक मी शीटमध्येही ठेवते, त्याला आणखी एक कारण आहे. दोन स्टेटमेंट्सच्या तारखा एकमेकींवर आल्या की तेच व्यवहार दोनदा येतात. फक्त तारीख आणि रक्कम बघून दुबार ओळी काढल्या तर एकाच दिवशी एकाच रकमेचे दोन खरे खर्चही एक होऊन जातात. तारीख, रक्कम आणि शिल्लक तिन्ही जुळले तरच ओळ दुबार धरायची.

तक्रार म्हणावी तर एकच, आणि ती लायब्ररीची नाही. बँकेने मांडणी बदलली की सीमांचे आकडे पुन्हा मोजावे लागतात. मधल्या काळात एका खात्याच्या स्टेटमेंटमध्ये नवा संदर्भ रकाना आला आणि रकमा उजवीकडे सरकल्या. त्या महिन्याला पहिल्याच पानावर जवळजवळ प्रत्येक ओळीला फरक आला, त्यामुळे चुकीचा डेटा शीटपर्यंत पोचलाच नाही. शब्दांची यादी पुन्हा छापली, तीन आकडे बदलले, काम झालं. प्रत्येक खात्याचे सीमांचे आकडे मी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवलेत, आणि जुनी स्टेटमेंट्स पुन्हा वाचावी लागली तर म्हणून जुने आकडेही न पुसता त्यांच्यापुढे कुठल्या महिन्यापर्यंतचे ते लिहून ठेवते.