फोर्जिंगचे २६ हजार की इन्स्पेक्शनचे २२ हजार?

समजा नाशिकमधे दोन ऑफर आहेत, अंबडला फोर्जिंग शॉपमधे २६ हजार आणि सातपूरला मशीन शॉपमधे इन्स्पेक्शनला २२ हजार. मी दोन्हीकडे काम केलंय, म्हणून लिहितोय.

वरचे चार हजार कशाचे? तापलेलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरजवळची धग, धूर, आवाज, नाइट. साध्या पगारात तिथे पुरेशी माणसं उभी राहत नाहीत म्हणून कंपनीला जास्त द्यावे लागतात, अ‍ॅडम स्मिथने १७७६ मधेच हे लिहून ठेवलंय. किती द्यायचे ते मात्र जागा भरायला लागणारा शेवटचा माणूस कितीला तयार होतो त्यावर ठरतं. त्यामुळे ज्याला धग-आवाजाचं फारसं वाटत नाही त्याला तेच चार हजार जवळपास वरकमाई, आणि ज्याला सोसत नाही त्याला ते कमीच पडणार.

पण आधी २६ हजार कसे होतात ते विचारा. २२ हजाराला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं तर तासाला साधारण १०६ रुपये, ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट म्हणजे २१२, म्हणजे महिन्याला १९ तास जास्त थांबलं की चार हजार झालेच. फोर्जिंगच्या आकड्यात ओटी धरलेला असेल तर धोक्याचा जादा पैसा शून्य आहे. ठेकेदाराच्या माणसाचं तर आणखी वाईट, त्याला दुसरीकडे जायची सोयच नसते म्हणून त्याच हॅमरपाशी तो इन्स्पेक्शनवाल्यापेक्षाही कमी पगारात उभा असतो.

माझं गाडं अडलं ते कानापाशी. धग सहन व्हायची, नाइटची पण सवय झाली, पण शिफ्ट सुटली की कानात शिट्टी वाजत राहायची आणि घरी आई जवळ बसून बोलली तरी मी "काय?" विचारायचो. शिट्टी सकाळपर्यंत गेली तर कान सावरला म्हणायचं, राहायला लागली तर लक्षण चांगलं नाही. साधी खूण सांगतो, हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज ८५ डेसिबलच्या वर आहे. बहिरेपण हळूहळू येतं, आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून जॉइन होताना कोणीच ते हिशोबात धरत नाही. आणि जो धोका माणसाला माहीतच नाही त्याचे पैसे तो मागणार कसे? धगीचे मिळतात, कारण ती पहिल्याच दिवशी कळते.

तरी कर्ज फेडायचंय, वय कमी आहे आणि इअरमफ खरंच वापरणार असाल तर फोर्जिंग दोन-तीन वर्षं चुकीचं नाही म्हणणार, प्रत्येकाची घरची गोष्ट वेगळी. मला विचाराल तर मी २२ हजारच घेईन, आणि घेतलेही. फोर्जिंगला जाणारच असाल तर जॉइन व्हायच्या आधी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून रिपोर्ट घरी ठेवा, आवाजाने आलेला बहिरेपणा भरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून धरलाय आणि उद्या क्लेम करायची वेळ आली तर आधी कान चांगले होते हे त्या कागदावरूनच दाखवता येईल.