लिंक्डइनवर पोस्ट टाकत बसायचं की कमेंट-मेसेज करायचे? सेल्सवाल्याच्या आठवड्यातल्या तीन तासांचा हिशोब

मी स्क्रू कॉम्प्रेसर, हवा सुकवणारे ड्रायर, एअर पाइपिंग असलं सगळं विकतो, एरिया चाकण, भोसरी, रांजणगाव. दिवसभर गाडीवर आणि गेटपाशी सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये सही करण्यात जातो, त्यामुळे लिंक्डइनला आठवड्याचे तीन तास मिळाले तरी खूप झाले. टीममधला एक नवीन मुलगा परवा विचारत होता की सर, नेमकं काय करू, रोज पोस्ट टाकू का लोकांना मेसेज करू. मी दोन्ही करून पाहिलंय, एक अख्खा क्वार्टर फक्त पोस्ट आणि पुढचा क्वार्टर फक्त कमेंट, रिक्वेस्ट आणि मेसेज. म्हणून आता सांगता येतं की कुणाला कशाचा उपयोग होतो.

आधी प्रोफाइलचं बघू, ते दोन्हीकडे सारखंच लागतं आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं. आपण प्रोफाइल लिहितो नोकरी शोधताना, आणि मग तेच कस्टमरला दाखवतो. माझी हेडलाइन होती 'एरिया सेल्स मॅनेजर | टार्गेट अचीव्हर | टीम प्लेयर'. आता विचार करा, मेंटेनन्स मॅनेजरने हे वाचलं तर त्याला काय कळणार, की हा माणूस माझ्याकडून टार्गेट पूर्ण करून घ्यायला आलाय 😄. आता तिथे आहे 'प्लांटमधली कॉम्प्रेस्ड एअरची गळती शोधून वीजबिल कमी करतो | स्क्रू कॉम्प्रेसर, ड्रायर | चाकण-रांजणगाव'. हेडलाइनला 220 अक्षरं मिळतात, पण तुम्ही कुठे कमेंट केली की नावाखाली त्यातले पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून कामाचं ते सगळ्यात आधी आणि पदनाम शेवटी, किंवा नाही लिहिलं तरी चालतं कारण ते खाली एक्सपीरियन्समध्ये असतंच. अबाउटमध्ये 2600 अक्षरं बसतात पण उघडल्यावर वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात, तिथे 'मी एक उत्साही प्रोफेशनल' असलं काही न लिहिता कुठल्या प्लांटला कुठला प्रॉब्लेम असेल तर मला फोन करा ते सरळ लिहायचं, आणि फोन नंबर कॉन्टॅक्ट इन्फोमध्ये टाकायचाच. अर्धे सेल्सवाले नंबर लपवून ठेवतात, का ते देव जाणे. आणि हो, एडिट करायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल अपडेटची सूचना नेटवर्कला जाते ती बंद करा, नाहीतर 'अरे नवीन जॉब का?' असे फोन येतात, त्यातला एक तुमच्या साहेबाचा असतो.

आता पहिला मार्ग, पोस्टचा. माझं रुटीन होतं असं की रविवारी संध्याकाळी दीड तास बसून दोन पोस्ट लिहायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी टाकायच्या, आणि टाकल्यावर पाऊण तास येणाऱ्या कमेंटला उत्तरं द्यायची. गुरुवारी काही टाकत नव्हतो कारण आपल्याकडे भोसरी-चाकण साइडला बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. सगळ्यात चाललेली पोस्ट होती गळती मोजायची साधी पद्धत: सुट्टीच्या दिवशी हवा वापरणारी सगळी मशीन बंद ठेवून एकच कॉम्प्रेसर चालू करायचा आणि घड्याळ लावून बघायचं की तो किती वेळ लोडवर राहतो, म्हणजे हवा भरतो, आणि किती वेळ अनलोड, म्हणजे नुसता फिरतो. हवा कुणीच वापरत नसताना तो लोड होतोय म्हणजे जेवढी भरतोय तेवढी कुठूनतरी गळतीये, एवढं साधं आहे. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून एकूण वेळ, गुणिले शंभर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या किती टक्के हवा गळतीये ते कळतं. सोबत एक फोटो, कपलिंगला साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आलेला.

ह्या पोस्टला लाइक भरपूर आले, पण कोणाचे ते नावं उघडून बघितलं तर निम्मे दुसऱ्या कॉम्प्रेसर कंपन्यांचे सेल्सवाले, मग जुने कलीग, मग जॉब शोधणारी मुलं, आणि आपल्याला ज्यांना माल विकायचाय ते मेंटेनन्सवाले अगदीच दोन-चार. सुरुवातीला वाटलं फुकट गेलं सगळं. पण नंतर एकदा भोसरीत एका प्लांटला कोल्ड व्हिजिटला गेलो तर तिथले युटिलिटी इन्चार्ज म्हणाले, "तुम्ही ते साबणाच्या पाण्याचे बुडबुडेवाले ना?" त्यांनी लाइक केलेलं नाही, कमेंट नाही, कनेक्शनसुद्धा नाही, पण वाचलेलं होतं. आमच्या फील्डमधले लोक असेच आहेत, गुपचूप वाचतात. पोस्टचा खरा फायदा हाच, गेटवरून आत गेल्यावर समोरच्याला तुम्ही अनोळखी वाटत नाही, फक्त तो मोजता येत नाही आणि कधी मिळेल तेही सांगता येत नाही. आणि विषय संपतात, हा मोठाच प्रॉब्लेम. आठव्या-नवव्या आठवड्यात मी 'सोमवारची सकाळ आणि पॉझिटिव्ह ॲटिट्यूड' असलं काहीतरी टाकायला लागलो तेव्हाच कळलं की थांबायला पाहिजे.

दुसरा मार्ग म्हणजे आधी यादी आणि मग माणसं. मी चाळीस कंपन्या काढल्या आणि प्रत्येकीत तीन माणसं शोधली, मेंटेनन्स हेड, युटिलिटी बघणारा आणि प्लांट हेड. पर्चेसला मुद्दाम सुरुवातीला घेतलं नाही कारण ते पहिला प्रश्न रेटचा विचारतात. सोमवारी अर्धा तास यादी, म्हणजे कोण नवीन आलं, कोण गेलं, कुठे नवीन लाइन लागतीये. मग सोमवार धरून, गुरुवार सोडून, चार दिवस सकाळी चहासोबत वीसेक मिनिटं कमेंट, रोज दोन किंवा तीनच, पण 'ग्रेट सर' 'काँग्रॅच्युलेशन्स' नाही, त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न किंवा आपला एक अनुभव. बुधवारी आठ-दहा रिक्वेस्ट, शुक्रवारी ज्यांनी ॲक्सेप्ट केलं त्यांना मेसेज. एवढं धरून तीन तासांच्या आतच होतं.

ह्यात अडचण ही की मेंटेनन्सवाले स्वतः काही पोस्टच करत नाहीत, मग कमेंट कुठे करणार? तर प्लांट हेडच्या पोस्टवर, एनर्जी ऑडिटरच्या पोस्टवर, मशीन बिल्डरच्या पोस्टवर, जिथे ते वाचायला येतात तिथे. ह्याला महिना गेला मला समजायला.

एक केस सांगतो. रांजणगावातल्या एका ऑटो पार्ट्सच्या प्लांट हेडने नवीन असेंब्ली लाइनचा फोटो टाकला होता. मी खाली विचारलं, लाइन किती बार प्रेशरला डिझाइन केलीये, कारण बऱ्याच ठिकाणी एका जुन्या मशीनसाठी अख्ख्या प्लांटचं प्रेशर वर ठेवतात आणि साधारण एक बार खाली आणलं तरी सहा-सात टक्के वीज वाचते. त्यांनी उत्तर दिलं, आमचंही तसंच आहे म्हणून. दोन दिवसांनी रिक्वेस्ट पाठवली, नोट न लिहिता, आणि ती लगेच ॲक्सेप्ट झाली. इथे मोह होतो कॅटलॉग पाठवायचा, तो आवरायचा. आधी मी तेच करायचो, ॲक्सेप्ट झाल्या झाल्या 'सर आमच्या कंपनीचं प्रोफाइल जोडत आहे', आणि समोरून नुसती शांतता. ह्यावेळी चार दिवस थांबून एवढंच लिहिलं: 'सर, त्या प्रेशरच्या विषयावर, सुट्टीच्या दिवशी गळतीची टेस्ट करून देऊ शकतो, अर्धा दिवस लागतो, मेंटेनन्समधल्या कुणाशी बोलू?' नंबर आला. पुढच्या सुट्टीला गेलो, कॉम्प्रेसर सरासरी तीन मिनिटं लोड आणि सात मिनिटं अनलोड, म्हणजे तीन भागिले दहा, कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या तीस टक्के हवा नुसतीच गळत होती. आता खरं सांगायचं तर त्यातून लगेच कॉम्प्रेसर विकला गेला नाही, उलट गळती बंद झाल्यावर त्यांना नवीन कॉम्प्रेसर लागणारच नव्हता 😅, पण पाइपिंगचं काम आणि एक ड्रायर मिळाला आणि आता तिथे फोन न करता जाता येतं.

रिक्वेस्टला नोट लिहायची का हे सगळे विचारतात. फ्री अकाउंटला महिन्यातून मोजक्याच नोटा लिहिता येतात, त्याही 200 अक्षरांच्या, म्हणून ज्याच्याशी आधी कमेंटमध्ये बोलणं झालंय त्याला विनानोट आणि अगदी अनोळखी पण महत्त्वाचा असेल तर त्याच्यासाठी नोट राखून ठेवायची. पेंडिंग राहिलेल्या रिक्वेस्ट महिन्या-दीड महिन्याने मागे घ्या, पण विचार करून, कारण मागे घेतली की त्याच माणसाला तीन आठवड्यांपर्यंत परत पाठवता येत नाही.

लिंक्डइनचं सेल्सवाल्यांसाठीचं पेड व्हर्जन, सेल्स नॅव्हिगेटर, घ्यायचं का, हा प्रश्न फक्त दुसऱ्या मार्गावाल्यांना लागू आहे. पोस्टच टाकणार असाल तर पैसे वाया. माझ्यासारख्या चाळीस कंपन्या असतील तरी फ्रीमध्ये भागतं, मात्र सर्च जास्त केलं की महिन्याची लिमिट संपते आणि पुढच्या एक तारखेपर्यंत बसून राहावं लागतं. सगळा महाराष्ट्र किंवा तीन-चार राज्यं बघणाऱ्याला मात्र ते लागतंच. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट इनमेल, म्हणजे कनेक्शन नसलेल्याला पाठवायचे मेसेज, नाही, महिन्याला 50 मिळत असले तरी, तर सेव्ह केलेल्या माणसाने कंपनी बदलली की येणारी सूचना. तुमचा जुना ओळखीचा मेंटेनन्स हेड नव्या प्लांटला गेला की तुमच्यासाठी तिथलं गेट उघडलं समजा. ट्रायल महिना घेणार असाल तर आधी यादी तयार करा आणि मग चालू करा, नाहीतर अर्धा महिना फिल्टर खेळण्यात जातो. ते आपोआप रिक्वेस्ट पाठवणारं ब्राउझर एक्स्टेंशन कुणी सुचवलं तर नाही म्हणा, लिंक्डइनच्या नियमात ते बसत नाही आणि अकाउंट अडकलं की सगळी ओळख अडकते.

मग कोणी काय घ्यावं? ठरलेला एरिया आणि मोजक्या कंपन्या असतील तर दुसरा मार्ग, आणि महिन्यातून एखादीच पोस्ट, ती पण साइटवर खरंच काही बघितलं असेल तेव्हा. प्रॉडक्ट नवीन असेल, गिऱ्हाईक नक्की कोण हेच माहीत नसेल किंवा डीलर शोधायचे असतील, तर पोस्टवाला मार्ग, कारण तिथे यादीच बनवता येत नाही, लोकांनीच हात वर करायला लागतो. साहेबांना दाखवायला linkedin.com/sales/ssi वर लिंक्डइनचा सोशल सेलिंगचा शंभरपैकी स्कोअर दिसतो, माझा पोस्टवाल्या क्वार्टरमध्ये चांगला वाढला होता आणि व्हिजिट मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या, म्हणून मी आता वहीत तीनच आकडे लिहितो, किती जणांनी ॲक्सेप्ट केलं, किती जणांनी मेसेजला उत्तर दिलं आणि किती गेट पास बनले. ॲक्सेप्ट होतायत पण उत्तर येत नाही तर मेसेज बिघडलाय, ॲक्सेप्टच होत नाही तर आधी हेडलाइन बघा. त्या नवीन मुलाचं प्रोफाइल मी काल उघडून बघितलं, तिथे अजून 'टीम प्लेयर' आहे.