हँडलवरचा फोन होल्डर आणि यूएसबी चार्जर : आठ महिन्यांनंतर

गाडी ३५० सीसी, एकच सिलिंडर. त्यामुळे पहिली काळजी कॅमेऱ्याची. ओआयएस म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय. ती असलेल्या फोनमध्ये लेन्स बारीक स्प्रिंग आणि चुंबकांवर तरंगती असते. इंजिनाची सततची थरथर हँडलमधून तिथपर्यंत पोचली की ही यंत्रणा ढिली पडू शकते. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आयफोनबाबत हाच इशारा दिला होता, पण ओआयएस असलेला फोन कुठलाही असो, धोका तोच.

म्हणून होल्डरला व्हायब्रेशन डॅम्पनर हवाच. तो फोनच्या पकडीच्या लगेच मागे बसवा, होल्डरचा दांडा आखूड ठेवा आणि क्लॅम्प हँडलच्या मधोमध, स्टेमजवळ घ्या. लांब दांड्यावर फोन जास्त हलतो. डॅम्पनरमधले रबर उन्हाने कडक होतात, सहाव्या महिन्यात ते बदलावे लागले. बोटाने दाबून दबत नसतील तर डॅम्पनर असून नसल्यासारखा.

कॅमेरा बिघडतोय हे ओळखायला महिन्यातून एकदा मुख्य कॅमेऱ्यातून लांबची पाटी बघा. हात स्थिर असूनही चित्र थरथरलं, बारीक गुणगुण ऐकू आली किंवा लांबचा फोकस लागेनासा झाला तर फोन हँडलवरून काढा. बंद फोन हलवल्यावर येणारी हलकी खडखड मात्र बिघाडाची नसते, तरंगत्या लेन्सची असते. इथला कॅमेरा आठ महिन्यांनीही ठीक आहे.

आता वायरिंग. चार्जर थेट बॅटरीला जोडणं सोपं, पण काही चार्जर फोन नसतानाही १५ मिलिअँपिअर खातात. दहा दिवस गाडी उभी राहिली तर ३.६ अँपिअर-तास गेले, ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीचा जवळपास निम्मा साठा. सेल्फ मग रडतो. त्यासाठी चावी बंद केली की चार्जरची वीज तोडणारा चार पिनांचा रिले लावला. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज, पुढे रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून चार्जरचा प्लस निघतो, ८५ अर्थला जाते. ८६ ला टेललॅम्पची अशी वायर, जिच्यात चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट येतात. मल्टिमीटर लावून खात्री केल्याशिवाय ती वायर निवडू नका. १८ वॅटचा चार्जर बॅटरीकडून साधारण पावणेदोन अँपिअर घेतो, त्याला ३ चा फ्यूज पुरतो.

मूळ वायर कापू नका, चिमटा कनेक्टरही नको. तो तांब्याच्या तारा अर्धवट तोडतो आणि पावसाळ्यात तिथे गंज चढतो. त्याऐवजी कंपनीच्याच सॉकेटमध्ये बसणारा पिगीबॅक जोड घ्या.

वायर बांधण्यापूर्वी हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा. स्टेमजवळ कुठेही ताण येता कामा नये. इथे सुरुवातीला झिपटाय घट्ट आवळल्याने तिसऱ्या महिन्यात वायरचं आवरण घासलं. आता स्लीव्ह घालून सैल वळसा ठेवलाय.

नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात नेव्हिगेशन आणि जलद चार्जिंग एकत्र चाललं की फोन तापतो आणि चार्जिंग आपोआप थांबतं. अशा वेळी स्क्रीन बंद करून फक्त आवाजावर चाला. पाऊस आला की केबल काढून चार्जरचं रबरी झाकण लावा.